तीन ठिपके, सहा घटक: माझं १ + १ + साइन नक्की कुठे चुकलं?

मिहिका_स
एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, अल्जेब्राच्या इंटरनलला प्रश्न होता की S₃ तीन ठिपक्यांवर अ‍ॅक्ट करतो त्याचं परम्यूटेशन रिप्रेझेंटेशन इरिड्यूसिबल कॅरेक्टर्समध्ये फोडा. मी असं केलं: (१ २) चं मॅट्रिक्स लिहिलं, पहिला आणि दुसरा उभा रकाना अदलाबदल, तिसरा तसाच. त्याच्या आयगेनव्हॅल्यू काढल्या, १, १ आणि −१. मग (२ ३) आणि (१ ३) चं पण करून बघितलं, तिथेही १, १, −१. म्हणून उत्तर लिहिलं दोनदा ट्रिव्हियल आणि एकदा साइन. डायमेन्शन ३ जुळतं, ट्रेस पण १ जुळतो. पेपर परत आला तर उत्तरावर लाल रेघ आणि शेजारी "१ + स्टँडर्ड" एवढंच.

टेबल वापरून उत्तर कसं काढायचं ते मला माहितीये, नंतर घरी काढलं आणि तेच आलं. पण माझ्या पद्धतीत चूक कुठल्या ओळीत आहे ते कळत नाहीये आणि ते कळल्याशिवाय पुढे जावंसं वाटत नाही.

अर्धा_कप
यात एवढं काय, प्रत्येक इरिड्यूसिबल त्याच्या डायमेन्शन इतक्या वेळा येतं असा नियम आहे ना? म्हणजे ट्रिव्हियल एकदा, साइन एकदा आणि स्टँडर्ड दोनदा. साइन हवंच त्यात.

वेताळटेकडी
@अर्धा_कप, १ + १ + २ + २ = ६ होतात हो. ठिपके तीनच आहेत. तुम्ही म्हणताय तो नियम रेग्युलर रिप्रेझेंटेशनचा, जिथे ग्रुप स्वतःच्याच सहा घटकांवर अ‍ॅक्ट करतो.

अर्धा_कप
अरे हो की. नियम बरोबर, घर चुकलं. पण मग तीन ठिपक्यांवर साइन का नाही येत ते मलाही सांगा आता.

जुना_खडू
मिहिका, तुझ्या तिन्ही आयगेनव्हॅल्यू बरोबर आहेत, चूक त्याच्या पुढच्या "म्हणून" या शब्दात आहे. तू प्रत्येक मॅट्रिक्सला एकेकटं बोलावून विचारलंस. साइन आहे का हा प्रश्न मात्र सगळ्यांना एकत्र बसवून विचारायचा असतो.

(१ २) ची −१ वाली दिशा कोणती? (१, −१, ०). आणि (२ ३) ची? (०, १, −१). या दोन वेगवेगळ्या रेषा आहेत. साइन असायला एकच रेषा अशी हवी की जिला तिन्ही अदलाबदली उलटी करतात. शोधून बघू. समजा (a, b, c) असा व्हेक्टर आहे. (१ २) ने तो (b, a, c) होतो, हा (−a, −b, −c) हवा, म्हणून b = −a, आणि c = −c म्हणजे c शून्य. तसंच (२ ३) लावलं की a शून्य. मग b पण शून्य. काहीच उरलं नाही, म्हणजे साइन या घरात नाहीच.

आता तुझे दोन ट्रिव्हियल. त्यांना असा व्हेक्टर लागतो जो कोणीही हलवत नाही, म्हणजे a = b = c. असे सगळे (१, १, १) च्या एकाच रेषेवर. दुसरा ट्रिव्हियल बसायला जागाच नाही. तर ट्रिव्हियल एक, साइन शून्य, उरलेल्या दोन डायमेन्शन एकाच अखंड तुकड्याच्या.

मिहिका_स
ओह. म्हणजे −१ प्रत्येकाकडे आहे पण प्रत्येकाची −१ वेगळ्या दिशेला. हे डोक्यातच आलं नाही. खूप आभार सर.

पण एक गोष्ट अजून टोचतेय, माझं चुकीचं उत्तर एवढं जुळलं कसं? डायमेन्शन जुळलं, ट्रेस जुळला.

वेताळटेकडी
कारण तीन खोल्यांपैकी तू दोनच उघडून बघितल्यास. हे घे:

```
                ओळख   अदलाबदल   तीनचा फेरा
घटक किती          १       ३          २
ट्रिव्हियल          १       १          १
साइन             १      −१          १
स्टँडर्ड            २       ०         −१
ठिपक्यांचं         ३       १          ०
तुझं १+१+साइन     ३       १          ३
```

शेवटच्या दोन ओळी बघ. फक्त शेवटच्या रकान्यात फरक आहे. (१ २ ३) लावलं की एकही ठिपका जागेवर राहत नाही म्हणून ट्रेस ०, आणि तुझ्या उत्तराप्रमाणे फेऱ्याने काहीच हलायला नको, ट्रेस ३. परीक्षेत हा एक ट्रेस तपासला असतास तर तिथेच सापडलं असतं.

कावेरी_पुणे
धागा वाचून मीही कागद घेतला, पण मला साइन २/३ वेळा येतंय आणि ट्रिव्हियल ४/३ वेळा. ट्रिव्हियलसाठी (३ + १ + ०) भागिले ३. काय चुकतंय?

वेताळटेकडी
@कावेरी_पुणे, तुम्ही रकाने मोजताय, मोजायचे घटक. अदलाबदली तीन आहेत तर तो रकाना तीनदा, फेरे दोन म्हणून तो दोनदा, आणि भागायचं ६ ने.
ट्रिव्हियल: (३×१×१ + १×१×३ + ०×१×२)/६ = ६/६ = १
साइन: (३×१×१ + १×(−१)×३ + ०×१×२)/६ = ०
स्टँडर्ड: (३×२×१ + १×०×३ + ०×(−१)×२)/६ = ६/६ = १
अपूर्णांक आला की समजायचं मोजणीत घोळ आहे, अर्धा किंवा एकतृतीयांश तुकडा कधी येत नसतो.

कावेरी_पुणे
आलं आलं! धन्यवाद.

अमोनिया
आम्ही केमिस्ट्रीवाले हेच करतो आणि आमच्याकडे ही चूक सहसा होत नाही, कारण टेबलच्या मथळ्यातच 2C₃ आणि 3σᵥ असं लिहिलेलं असतं, आकडा डोळ्यासमोरच. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनला तीन हायड्रोजन, तीन बंध म्हणजे तुमचे तीन ठिपके. आमच्या भाषेत उत्तर A₁ + E. A₁ म्हणजे तिन्ही बंध एकाच वेळी ताणतात, E म्हणजे दोन हालचालींची जोडी जिची फ्रिक्वेन्सी एकच. बंध तीन असून त्यांच्या ताणण्याच्या मूळ फ्रिक्वेन्सी दोनच, ते याच्यामुळेच. तुमचं साइन म्हणजे आमचं A₂, ते यात येत नाही.

फक्त आमच्या टेबलात फेरा आधी आणि आरसे नंतर असतात, वरच्या टेबलाशी ताडून बघताना रकाने उलटे होतील.

तीन_फेज
माफ करा पण मला तुमचं सगळ्यांचं उत्तर पटत नाही. मी इलेक्ट्रिकलवाला, सबस्टेशनच्या प्रोटेक्शनमध्ये वीस वर्षं काढली. तीन फेजचं कुठलंही असमतोल करंट आम्ही तीन भागांत फोडतो, झीरो सीक्वेन्स, पॉझिटिव्ह सीक्वेन्स, निगेटिव्ह सीक्वेन्स. फोर्टेस्क्यूने १९१८ मध्ये हे मांडलं आणि आजही रिले यावर चालतात. व्हेक्टर आहेत (१, १, १), (१, ω², ω) आणि (१, ω, ω²), ω म्हणजे १२० अंशाचं फिरणं. तीन सुटे सुटे भाग, प्रत्येक एका डायमेन्शनचा. मग दोन डायमेन्शनचा अखंड तुकडा कुठून आला? तो फुटतो की! आम्ही रोज फोडतो.

मिहिका_स
अय्या हो, फेऱ्याच्या आयगेनव्हॅल्यू १, ω, ω² च आहेत, मी काल काढल्या. आता मी परत गोंधळले.

जुना_खडू
@तीन_फेज, तुमचं फोडणं शंभर टक्के बरोबर आहे, पण त्यात तुम्ही फक्त फेरे वापरता. लाल, पिवळा, निळा यांना एका दिशेने पुढे सरकवणं. तो तीन घटकांचा छोटा ग्रुप झाला, आणि त्याच्यासाठी तीन ठिपके खरोखर तीन एकेरी तुकड्यांत फुटतात. मिहिकाच्या ग्रुपमध्ये अदलाबदली पण आहेत. तुम्हालाच विचारतो, पिवळी आणि निळी वायर अदलाबदल केली तर (१, ω², ω) चं काय होतं?

तीन_फेज
(१, ω, ω²) होतं. पॉझिटिव्हचं निगेटिव्ह. मोटर उलटी फिरते.

थांबा. म्हणजे अदलाबदल धरली की पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एकमेकांच्या जागी जातात, त्यामुळे दोघांपैकी एकालाच वेगळं काढून ठेवता येत नाही, दोघं मिळूनच एक घर. आणि झीरो सीक्वेन्सला काहीच फरक पडत नाही, कुठलीही वायर कुठेही लावा. म्हणून एक अधिक दोन. पटलं. वीस वर्षं हे हाताने केलंय पण असं कधी बघितलं नव्हतं.

शिवारातून
हे तर आमच्याकडं प्रत्येक शेतकऱ्याला माहितीये की. विहिरीवरची मोटर रिवाइंड करून आणली आणि पाणी नीट फेकेना तर पहिलं काम म्हणजे स्टार्टरमधल्या कुठल्याही दोन वायरी बदलायच्या. कुठल्याही दोन बरं का, लाल-पिवळी बदला नाहीतर पिवळी-निळी, फरक नाही. पण तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या तर मोटर पहिल्यासारखीच फिरते, ते आमच्या वायरमनने एकदा केलं होतं आणि सगळे बघत बसले होते की बदलल्या तरी उलटी कशी फिरेना.

जुना_खडू
@शिवारातून, तुमच्या वायरमनने साइन कॅरेक्टरच तपासलं. अदलाबदल केली की दिशा −१, फेरा दिला की दिशा +१, हेच ते. मजा अशी की साइन मोटरच्या फिरण्याच्या दिशेत आहे, तीन करंटच्या यादीत मात्र नाही.

अर्धा_कप
आता हे कसं? मोटरच्या करंटवरूनच दिशा ठरते ना, मग साइन करंटमध्ये नाही पण दिशेत आहे असं कसं होईल?

जुना_खडू
चांगला प्रश्न. दिशा एका करंटने ठरत नाही, कोण कोणाच्या पुढे आहे यावर ठरते, म्हणजे करंटच्या जोडीवर. बेरीज शून्यवाल्या प्रतलातले दोन व्हेक्टर घेऊन त्यांचं क्षेत्रफळ चिन्हासकट काढा, अदलाबदल केली की त्याचं चिन्ह बदलतं. स्टँडर्डच्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट म्हणजेच साइन. u = (१, −१, ०) आणि v = (०, १, −१) घेतले तर (१ २) ने u चा −u होतो आणि v चा u + v. ट्रेस −१ + १ = ०, टेबलाशी जुळतो, आणि डिटर्मिनंट −१.

तीन_फेज
यात अजून एक जोडतो. मोटरला तीनच वायरी जातात, न्यूट्रल नसतो, त्यामुळे तिन्ही करंटची बेरीज कायम शून्य. म्हणजे मोटर राहतेच मुळी त्या बेरीज शून्यवाल्या प्रतलात. बेरीज शून्य आली नाही तर करंट कुठेतरी जमिनीत चाललाय, अर्थ फॉल्ट. अर्थ फॉल्टचा रिले ट्रिव्हियल तुकडा मोजतो म्हणायचं आता.

वेताळटेकडी
टेबल अजिबात न वापरता पण हे होतं, तो रस्ता सांगतो. ठिपक्यांच्या कॅरेक्टरचा स्वतःशीच गुणाकार करून सरासरी: (९×१ + १×३ + ०×२)/६ = २. ही संख्या म्हणजे प्रत्येक तुकडा किती वेळा येतो त्याच्या वर्गांची बेरीज. २ म्हणजे १ + १, दुसरं काही शक्यच नाही. म्हणून दोन वेगवेगळे तुकडे, प्रत्येकी एकदा. मिहिकाच्या उत्तरात हीच बेरीज ४ + १ = ५ आली असती.

आणि हे २ मोजल्याशिवायही दिसतं. ठिपक्यांच्या क्रमवार जोड्या ९, त्यातल्या ३ मध्ये तोच ठिपका दोनदा, ६ मध्ये वेगवेगळे. ग्रुप त्या ३ जोड्यांना आपसात फिरवतो आणि ६ ना आपसात, म्हणून दोन गट. ठिपके चार, पाच, कितीही असले तरी गट दोनच, म्हणून तिथेही १ अधिक एक अखंड तुकडा. जागेवर राहिलेल्यांची सरासरी म्हणजे गटांची संख्या हे ज्याला सगळे बर्नसाइडचं म्हणतात ते त्याच्या १८९७ च्या पुस्तकात आहे, पण फ्रोबेनियसने १८८७ मध्येच मांडलं होतं.

कावेरी_पुणे
मग शिकवताना आधी हेच का नाही शिकवत? आमच्याकडे थेट टेबल पाठ करायला लावलं.

जुना_खडू
माझं मत उलट आहे. आधी व्हेक्टर, मग कॅरेक्टर. (७, ४, १) घ्या, सरासरी ४, म्हणून (४, ४, ४) बाजूला काढला, उरला (३, ०, −३) ज्याची बेरीज शून्य. कुठलाही व्हेक्टर असा दोन भागांत तुटतो हे हाताने दहा वेळा केल्यावर टेबलची गरज कळते.

वेताळटेकडी
नाही पटत सर. तीन ठिपक्यांना व्हेक्टर शोधता येतात, वीस ठिपक्यांना कोण शोधत बसणार? आणि मिहिका व्हेक्टरनेच चुकली, फेऱ्याचा एक ट्रेस बघितला असता तर वाचली असती.

जुना_खडू
व्हेक्टरने नाही, व्हेक्टर न बघता नुसत्या आयगेनव्हॅल्यूने चुकली. असो, यावर आपलं जमणार नाही.

रिकामी_पाटी
उशिरा आलो. मी कोडिंग थिअरीत काम करतो, आमच्याकडे आकडे रिअल नसतात, मॉड २, मॉड ३ असे असतात. वर सगळे सरासरी काढताय, पण मॉड ३ मध्ये ३ म्हणजे शून्य, त्याने भागता येत नाही. मग (७, ४, १) वाली युक्ती तिथे चालेल का?

जुना_खडू
नाही चालणार, आणि इथेच या धाग्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. मॉड ३ मध्ये (१, १, १) ची बेरीज ३, म्हणजे शून्य. म्हणजे ट्रिव्हियल रेषा प्रतलाच्या बाहेर उभी राहण्याऐवजी प्रतलाच्या आतच जाऊन पडली. प्रतलाच्या बाहेर दुसरी रेषा शोधू म्हटलं तर मिळत नाही. न हलणारी रेषा (१, १, १) एकच, आणि उलटी होणारी एकही नाही, वर केलेला c = −c चा हिशोब मॉड ३ मध्ये पण तसाच चालतो. म्हणून हे रिप्रेझेंटेशन फुटतच नाही. एकात एक बसलेले डबे आहेत: रेषा प्रतलात, प्रतल अख्ख्या जागेत.

पण डबे उघडून मधला मधला भाग तर बघता येतो. पहिला डबा रेषा, तो ट्रिव्हियल. प्रतलात रेषेला शून्य मानलं तर उरते एक डायमेन्शन, तिथे (१, −१, ०) ला (१ २) लावला की चिन्ह उलटं, म्हणून साइन. बाहेरच्या जागेतून प्रतल वगळलं की उरते फक्त बेरीज, ती कोणी बदलत नाही, ट्रिव्हियल.

मिहिका, मोज बघू काय काय आलं.

मिहिका_स
ट्रिव्हियल, साइन, ट्रिव्हियल. हे तर माझंच उत्तर आहे!!

आणि टेबल पण जुळतंय, ठिपक्यांची ओळ ३, १, ० आणि माझी ३, १, ३. फरक फक्त शेवटच्या रकान्यात ३ चा, आणि मॉड ३ मध्ये ३ म्हणजे ०. म्हणजे ज्या रकान्यात मी चुकले तो रकाना मॉड ३ ला दिसतच नाही.

वेताळटेकडी
अगदी बरोबर ओळखलंस. फक्त पेपर घेऊन मार्क मागायला जाऊ नकोस, प्रश्न कॉम्प्लेक्सवर होता, आणि मॉड ३ मध्येही ती बेरीज नाहीये, नुसती तुकड्यांची यादी आहे.

रिकामी_पाटी
आणि मॉड २? तिथे तर ६ ने भागता येत नाही, मग वरची कॅरेक्टरची सगळी गणितं गेली ना?

वेताळटेकडी
६ ने भागायचं गेलं, पण ३ ने भागता येतं, कारण मॉड २ मध्ये ३ म्हणजे १. सरासरीची युक्ती चालते आणि रेषा नि प्रतल सुटे होतात. −१ आणि १ एकच झाल्यामुळे साइन आणि ट्रिव्हियल मात्र एकच. प्रतल अखंड आहे का ते मोजूनच बघा, त्यात शून्य सोडून तीनच व्हेक्टर आहेत, (१, १, ०), (०, १, १), (१, ०, १). मॉड २ मध्ये एका रेषेवर शून्याशिवाय एकच व्हेक्टर असतो आणि ग्रुप या तिघांना आपसात फिरवतो, कोणालाच स्थिर ठेवत नाही, म्हणून आत कुठलीही रेषा नाही.

अर्धा_कप
म्हणजे ते तीन व्हेक्टर म्हणजे परत आपले तीन ठिपकेच!

मिहिका_स
दोन दिवसांनी परत येतेय. चार ठिपक्यांवर S₄ घेऊन मॉड २ मध्ये करून बघितलं. तिथे (१, १, १, १) ची बेरीज ४ म्हणजे शून्य, म्हणून रेषा परत आत जाऊन पडते, मॉड ३ मधल्या तीन ठिपक्यांसारखीच. बेरीज शून्यवाल्या जागेत रेषेला शून्य मानलं की दोन डायमेन्शन उरतात आणि त्यात शून्य सोडून तीनच व्हेक्टर आहेत. (१, १, ०, ०) आणि (०, ०, १, १) एकच होतात, बाकीचेही तसेच दोन दोन एकत्र. आणि S₄ चे चोवीसही घटक त्या तिघांना नुसते आपसात फिरवतात, अगदी वरच्या मॉड २ च्या प्रतलासारखे. चार ठिपक्यांत हे तीन ठिपके कुठून आले?

जुना_खडू
चार जणांच्या दोन-दोनच्या जोड्या किती प्रकारे लावता येतात ते मोज.